बँकेच्या काउंटरवरच्या एका व्यवहाराचा खर्च कसा काढायचा: रोख भरण्याचं उदाहरण

प्रश्न: "सोलापुरातल्या एका नागरी सहकारी बँकेत शाखाधिकारी आहे. व्याज सोडून शाखेचा महिन्याचा खर्च ४ लाख ८० हजार, सिस्टिममध्ये महिन्याचे व्यवहार ६,०००. म्हणजे व्यवहारामागे ८० रुपये. वरून विचारणा आली आहे की रोख भरण्यावर शुल्क लावायचं तर किती लावावं, आणि एबीसी पद्धतीने, म्हणजे प्रत्येक कामाला किती खर्च येतो ते शोधून, खर्च काढून द्या. हे ८० रुपये चालतील का? नसतील तर सुरुवात कुठून करायची?"

नाही, चालणार नाहीत. तुम्हाला एका आकड्याची गरजच नाही. काउंटरवर येणारं कुठलं काम किती मिनिटं खातं, त्या मिनिटाचा भाव काय आणि तो वेळ कशामुळे वाढतो, या तीन गोष्टी कळल्या की शुल्काचं उत्तर आपोआप समोर येतं. मी सोलापुरात पतसंस्था आणि नागरी बँकांसाठी खर्चलेख्याचं काम करतो. माझ्या अनुभवात शाखांचे सरासरी आकडे सगळ्यात जास्त फसवतात ते रोखीच्या खिडकीवर. म्हणून उत्तर तेवढ्यापुरतंच ठेवतो आणि ते नीट सांगतो. खालची मिनिटं आणि रक्कम हे तुमच्या ४ लाख ८० हजारांवर बसवलेलं उदाहरण आहे. तुमच्या शाखेचे आकडे वेगळे येतील, रीत तीच राहील.

आधी ते ६,००० बघा. कोअर बँकिंगमधून काढलेल्या आकड्यात यूपीआयच्या नोंदी येतात, एटीएमच्या येतात, आरडीचे आपोआप वळते होणारे हप्ते येतात, व्याज जमा केल्याच्या नोंदीही येतात. यातल्या एकाही नोंदीसाठी तुमच्या कॅशियरने हात हलवलेला नसतो. उलट पासबुक भरून देणं, "माझी पेन्शन आली का" याचं उत्तर, केवायसीची कागदं घेणं, अंगठा उठवणाऱ्या आजींना स्लिप भरून देणं, या कामांना दिवस जातो आणि सिस्टिममध्ये व्यवहार म्हणून त्यांचा मागमूस नसतो. म्हणजे भाजकात नको ते शिरलंय आणि हवं ते बाहेर राहिलंय. ग्राहकांनी यूपीआय वाढवलं की तुमचे ८० रुपये ६० होतील आणि सगळ्यांना वाटेल शाखा कार्यक्षम झाली. खिडकीवरची रांग मात्र तशीच असेल.

वरच्या ४ लाख ८० हजारांतही खिडकीचा खर्च थोडाच आहे. शाखाधिकारी म्हणून तुमचा स्वतःचा दिवस बहुतेक कर्जप्रकरणं, वसुली आणि ठेवींच्या मागे जातो. एक क्लार्क सोनेतारण आणि कर्जाच्या टेबलावर असतो. हा खर्च रोख भरणाऱ्याच्या डोक्यावर टाकायचं काही कारण नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे शाखेच्या खर्चाचे गट पाडणं: रोखीची खिडकी, इतर काउंटर, कर्ज आणि वसुली, आणि शाखा उघडी ठेवण्याचा खर्च. एबीसीत खरी मेहनत इथेच आहे, पण सगळं पैशापैशापर्यंत नेऊ नका. जो खर्च कुठे टाकायचा यावर दहा मिनिटांपेक्षा जास्त वाद होतो, तो बहुतेक वेळा निकाल बदलण्याएवढा मोठा नसतो.

तुमच्या आकाराच्या शाखेत रोखीच्या गटात काय येईल ते बघू. कॅशियरचा पगार पीएफ, बोनस आणि ग्रॅच्युइटीची तरतूद धरून ४५,००० रुपये. ज्या अधिकाऱ्याकडे तिजोरीची दुसरी किल्ली आहे आणि जो मोठ्या रकमेच्या नोंदी पास करतो, त्याच्या ६५,००० पैकी पाचवा हिस्सा, १३,०००. शिपाई अर्धा वेळ रोखीच्या मागे असतो, गड्ड्या आणणं-नेणं, मशीनजवळ उभं राहणं, रोकड पाठवताना सोबत जाणं; त्याचे १५,०००. रोकड विमा, अलार्म आणि सुरक्षेचे १२,०००. नोटा मोजायच्या आणि सॉर्टिंगच्या मशीनचा घसारा व देखभाल ६,०००. केबिन आणि स्ट्राँगरूमने अडवलेल्या जागेचं भाडं आणि वीज ९,०००, सॉफ्टवेअरचा हिस्सा ६,०००, स्लिपा, पट्ट्या आणि शाई २,०००. बेरीज १,०८,००० होते. बाकीचे ३ लाख ७२ हजार इतर गटांचे. तुमच्या प्रश्नासाठी ते तूर्त बाजूला ठेवा.

आता मिनिटं. एबीसीची जुनी रीत १९८०च्या दशकात रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी रूढ केली. तिच्यात कर्मचाऱ्यांना विचारायचे, तुमचा किती टक्के वेळ कुठल्या कामात जातो? अडचण अशी की कोणीही "माझा दहा टक्के वेळ मोकळा जातो" असं लिहून देत नाही. प्रत्येकाची बेरीज बरोबर शंभर येते आणि रिकामा वेळसुद्धा ग्राहकाच्या खर्चात मुरतो. २००४ मध्ये कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी वेळेवर चालणारी सुधारित रीत मांडली. तिच्यात दोनच गोष्टी लागतात: उपलब्ध वेळेच्या एका मिनिटाचा भाव आणि प्रत्येक कामाला लागणारी मिनिटं. शाखेसाठी मी हीच वापरतो, कारण ती एका वहीत मावते आणि खर्च किंवा पद्धत बदलली तर पुन्हा सगळ्यांच्या मुलाखती घ्याव्या लागत नाहीत.

उपलब्ध वेळ म्हणजे हजेरीची वेळ नव्हे. समजा कामाचा दिवस जेवणाची सुट्टी वगळून ४३५ मिनिटांचा आहे. चहा, नेट बंद पडणं, वरून आलेले फोन, माणूस म्हणून लागणारी उसंत हे सगळं वजा केलं की ३७५ मिनिटं हाती राहतात. रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार सोडून महिन्याचे २४ दिवस धरले तर ९,००० मिनिटं. १,०८,००० भागिले ९,००० म्हणजे मिनिटाला १२ रुपये. कॅशियरच्या नुसत्या पगारातून मिनिटाचे पाचच रुपये निघतात. बारा होतात, कारण त्याचं एक मिनिट जातं तेव्हा त्याच्या मागची केबिन, मशीन, विमा आणि दुसरी किल्लीही त्या मिनिटापुरती वापरली जाते.

या ९,००० मिनिटांतला एक तुकडा वेगळा काढा. सकाळी तिजोरी दोघांनी मिळून उघडणं, ओपनिंग कॅश घेणं, संध्याकाळी मोजणी, दिवसभराच्या रोख नोंदींच्या स्क्रोलशी ताळा, रजिस्टरवर सह्या आणि पुन्हा तिजोरी बंद करणं. याला रोज ७५ मिनिटं धरा, महिन्याला १,८०० मिनिटं, २१,६०० रुपये. दिवसभरात चाळीस स्लिपा आल्या काय आणि शंभर आल्या काय, ही मिनिटं जवळजवळ तेवढीच लागतात. म्हणून ती एकेका स्लिपवर वाटायची नाहीत. खिडकी दिवसभर उघडी ठेवण्याचा तो खर्च आहे, त्याला तेच नाव देऊन वेगळ्या ओळीत ठेवा. हे केलं नाही तर मंदीच्या महिन्यात प्रत्येक ग्राहक विनाकारण महाग दिसतो.

उरली ७,२०० मिनिटं. ती कशात जातात, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग.

बहुतेक ठिकाणी रोख भरण्याच्या प्रत्येक स्लिपला एकच वेळ धरतात, किंवा मग रकमेच्या प्रमाणात धरतात. दोन्हींमुळे निकाल चुकतो. खिडकीशी तासभर उभे राहा, लगेच दिसेल. कापड दुकानाचा माणूस पाचशेच्या दहा गड्ड्या आणतो, पाच लाख. प्रत्येक गड्डी मशीनमधून दोनदा जाते, पट्टी लागते, शिक्का बसतो आणि नोंद होते. त्याच्या मागे किराणा दुकानदार प्लास्टिकच्या पिशवीत तीस हजार घेऊन उभा. दहाच्या, वीसच्या आणि पन्नासच्या नोटा एकत्र, काही दुमडलेल्या, काही हळदीने पिवळ्या झालेल्या, एखादी चिकटपट्टी लावलेली. कॅशियर आधी त्या काउंटरवर पसरतो, तळहाताने सरळ करतो, किमतीप्रमाणे वेगळ्या करतो. दुमडलेला कोपरा राहिला की मशीन थांबतं, पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. फाटक्या वेगळ्या काढायच्या, त्यातल्या दोन परत द्यायच्या, मग एकूण रकमेवर दोघांचं एकमत व्हायचं. रक्कम पाच लाखांच्या सोळाव्या हिश्श्याएवढी, वेळ तिप्पट-चौपट.

म्हणजे वेळ ठरवणाऱ्या गोष्टी दोन: नोटांची संख्या आणि नोटा लावून आणल्या आहेत की सुट्या. रकमेचा संबंध फार कमी. हे एका ओळीत असं मांडता येतं:

भरण्याची मिनिटं = १.५ + ०.७५ × (शंभर, दोनशे, पाचशेच्या गड्ड्या) + ३ × (लहान नोटांचे सुटे, मिसळलेले शेकडे)

दीड मिनिट हे स्लिप तपासणं, खातं उघडणं, नोंद, सही-शिक्का आणि काउंटरफॉइल परत देणं यासाठी, नोट एक असो की हजार. अर्धवट गड्डी पूर्ण धरली तरी फारसा फरक पडत नाही. नाण्यांसाठी आणखी एक पद जोडा. तुमच्याकडे नाणी क्वचित येत असतील तर ते सोडून दिलं तरी चालेल.

आता हिशेब. नोकरदार माणूस पाचशेच्या चाळीस नोटा भरतो: दीड अधिक पाऊण, सव्वादोन मिनिटं, २७ रुपये. कापड दुकानदाराच्या दहा गड्ड्या: ९ मिनिटं, १०८ रुपये. किराणा दुकानदाराच्या दहाच्या ३००, वीसच्या ३५० आणि पन्नासच्या ४०० नोटा, एकूण १,०५० नोटा: साडेदहा शेकड्यांची साडेएकतीस मिनिटं आणि वरचं दीड, म्हणजे ३३ मिनिटं, ३९६ रुपये. भरलेल्या हजार रुपयांमागे पाहिलं तर कापडवाल्याचा खर्च २२ पैसे आणि किराणावाल्याचा १३ रुपये २० पैसे. आता तुमचे ८० रुपये या तिघांसमोर ठेवून बघा. एकालाही लागू पडत नाहीत.

महिन्याभराचं चित्र असं धरा. खिडकीवरून १,५०० वेळा पैसे काढले गेले, दोन-दोन मिनिटांनी ३,००० मिनिटं. साधे भरणे ७००, त्यांची १,५७५. मोठ्या गड्ड्यांचे ६०, त्यांची ५४०. सुट्या लहान नोटांचे ४५, त्यांची १,४८५. बेरीज ६,६०० मिनिटं. स्लिपांच्या संख्येत हे ४५ जण एकूण २,३०५ पैकी, म्हणजे जेमतेम दोन टक्के. खिडकीच्या कामाच्या वेळेत मात्र त्यांचा वाटा साडेबावीस टक्के. सरासरीत हे कधीच दिसत नाही. पहिल्यांदा असा तक्ता समोर आला की कॅशियर मान डोलावतो, त्याला ते रोजच्या अनुभवाने ठाऊक असतंच. आश्चर्य बहुधा संचालकांना वाटतं.

७,२०० पैकी ६,६०० वापरली, तर ६०० मिनिटं मोकळी, त्यांचे ७,२०० रुपये. ही रक्कमही ग्राहकांवर वाटू नका. वापरलेल्या मिनिटांनीच भागलं असतं तर भाव १२ ऐवजी १२ रुपये ८६ पैसे आला असता, आणि गिऱ्हाईक कमी झालं की भाव आणखी चढला असता. मग शुल्क वाढवा, आणखी गिऱ्हाईक जाईल, भाव पुन्हा चढेल. मोकळ्या वेळेची जबाबदारी बँकेची, भरणा करणाऱ्याची नाही. ताळा मात्र जरूर घाला: व्यवहारांचे ७९,२००, खिडकी उघडी ठेवण्याचे २१,६०० आणि मोकळ्या वेळेचे ७,२०० मिळून १,०८,००० झाले पाहिजेत. झाले नाहीत तर मधे काहीतरी सुटलंय.

मिनिटं आणायची कुठून, हा प्रश्न तुम्हाला पडलाच असेल. सिस्टिममधल्या वेळेवर भिस्त ठेवू नका. तिथे नोंद केल्याची वेळ असते आणि पास केल्याची असते, पण नोटा हातात घेतल्यापासून नोंदीपर्यंतचा काळ, म्हणजे खरा खर्च, तिथे उमटतच नाही. त्यापेक्षा भरण्याच्या स्लिपकडे जा. तिच्यावर नोटांचा तपशील लिहिलेला असतो: पाचशे गुणिले इतक्या, शंभर गुणिले इतक्या. एका महिन्याच्या स्लिपांचा गठ्ठा काढून नोटांची संख्या उतरवून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण एवढी खरी माहिती दुसरीकडे कुठेच मिळत नाही. मग काही दिवस प्रत्यक्ष वेळ मोजा. स्लिपच्या मागे पेन्सिलने नोटा घेतल्याची आणि काउंटरफॉइल दिल्याची वेळ टाकायला सांगा. पहिल्या दोन दिवसांची मोजणी टाकून द्या, कारण कोणी बघतंय म्हटल्यावर हात नेहमीपेक्षा वेगाने चालतो. आणि कॅशियरला आधीच स्पष्ट सांगा की मोजणी कामाची आहे, त्याची नाही. नाहीतर मिनिटं फुगून येतात.

दिवस निवडताना आपल्या गावाचं वेळापत्रक डोळ्यासमोर ठेवा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन आणि पगार काढणारे असतात. मंगळवार बाजाराच्या दुसऱ्या दिवशी लहान नोटा येतात. पूर्व भागात शाखा असेल तर आठवड्याचा पगार वाटणारे यंत्रमाग कारखानदार सुट्या पैशांसाठी येतात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत दुकानं आणि पाळणे लावणाऱ्यांचा भरणा सुरू झाला की खिडकीचं रूपच बदलतं. नुसत्या जानेवारीवर मोजमाप केलं तर लहान नोटांचं ओझं वर्षभराचं म्हणून गळ्यात पडेल. एक गर्दीचा आठवडा आणि एक सुस्त आठवडा घ्या, आणि दोन्हींचं गुणोत्तर वर्षाच्या स्लिपांवरून ठरवा.

मोजमाप खरं आलं की नाही हे ओळखायची एक साधी खूण आहे. वेळ गुणिले संख्या करून आलेली बेरीज उपलब्ध मिनिटांशी ताडून बघा. ती ७,२०० च्या वर गेली आणि कॅशियर रोज वेळेत घरी जात असेल, तर मिनिटं फुगली आहेत. ती निम्मीच आली आणि तरीही जेवायला उशीर होत असेल, तर खिडकीवर असं काम चाललंय जे तुमच्या यादीतच नाही. बहुतेक वेळा ते पासबुक किंवा आधार जोडणीची चौकशी निघतं, किंवा दुसऱ्या खिडकीवरचा माणूस रजेवर असल्यामुळे इकडे वळलेलं काम. ते यादीत घाला, त्याला मिनिटं द्या आणि पुन्हा बेरीज करा.

थोडक्यात, इथपर्यंत तुमच्या हाती मिनिटाचा भाव आहे, प्रत्येक प्रकारच्या भरण्याची मिनिटं आहेत, आणि कोणावरही न टाकायच्या दोन रकमा वेगळ्या काढलेल्या आहेत. आता शुल्काकडे येऊ.

किराणावाल्याचा खर्च ३९६ रुपये निघाला म्हणून त्याच्याकडून ३९६ घ्या, असं मी कधीच सुचवणार नाही. पहिली गोष्ट, बँकेच्या सेवाशुल्काबद्दल रिझर्व्ह बँकेची भूमिका अशी की ते वाजवी असावं आणि सेवा देण्याच्या सरासरी खर्चाला सोडून नसावं. लहान नोटा किंवा नाणी आहेत म्हणून भरणा नाकारता येत नाही, आणि मूलभूत बचत खात्यात रोख भरणं विनाशुल्कच ठेवावं लागतं. शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, ग्राहकाला तोही शुल्कासारखाच बोचतो. ही चौकट आधी संचालकांसमोर मांडा, मग आकडे.

दुसरी गोष्ट, खर्चासोबत उत्पन्नही बघा. हा किराणावाला महिन्यातून चार वेळा येत असेल तर त्याच्यावर १,५८४ रुपये खर्च होतात. त्याच्या चालू खात्यावर सरासरी दीड लाख शिल्लक राहते असं धरू. चालू खात्यावर बँक व्याज देत नाही. तो पैसा गुंतवून ७ टक्के मिळतात असं धरलं तर महिन्याला ८७५ रुपये सुटतात. हे खातं महिन्याला ७०९ रुपयांनी तोट्यात. हाच माणूस तीन लाख शिल्लक ठेवत असेल तर १,७५० मिळतात आणि खातं नफ्यात येतं. एकाच प्रकारचा भरणा करणारे दोन दुकानदार, एकावर तोटा, एकावर नफा. सरसकट शुल्क लावलं तर आधी तीन लाखवाला बँक बदलेल. त्याला दुसरी बँक आनंदाने घेईल.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वेळेचं सूत्र हातात आलं की खर्च वसूल करण्याऐवजी तो मुळातच कमी करता येतो, कारण खर्च कुठे आहे हे दिसतं. किराणावाल्याचा वेळ नोंदीत जात नाही, नोटा सरळ करण्यात आणि वेगळ्या करण्यात जातो. तेच काम त्याने दुकान बंद करताना गल्ल्यावर बसून केलं, नोटा किमतीप्रमाणे लावून शंभर-शंभरच्या गड्ड्यांना रबर घालून आणल्या, तर लहान नोटांच्या एका गड्डीला मशीन आणि पट्टी मिळून सव्वा मिनिट पुरतं. दहाच्या तीन, वीसच्या चार, पन्नासच्या चार, अशा अकरा गड्ड्या धरल्या तर पावणेचौदा मिनिटं, वर दीड. एकूण सव्वापंधरा मिनिटं, १८३ रुपये. खर्च निम्म्याहून खाली आला आणि दुकानदाराचाही खिडकीसमोरचा खोळंबा वाचला. त्याला बँकेच्या पट्ट्यांचा एक गठ्ठा फुकट द्या. स्टेपल मात्र मारू नका म्हणावं. नोटांना पिना टोचायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे आणि त्या काढण्यात वेळ जातो तो वेगळाच. शुल्क लावायचंच असेल तर ते फक्त सुट्या, न लावलेल्या नोटांच्या ठरावीक संख्येपुढे लावा, आणि मूलभूत बचत खाती त्यातून वगळा. म्हणजे शुल्क टाळायचा मार्ग ग्राहकाच्याच हातात राहतो.

आणखी एक जुळणी बघा. मंगळवारच्या बाजारानंतर तुमच्याकडे दहा-वीसच्या नोटा साचतात, आणि त्याच आठवड्यात पगार वाटणाऱ्या कारखानदाराला त्याच नोटा हव्या असतात. लावलेल्या गड्ड्या त्याला थेट दिल्या तर त्या दुसऱ्या शाखेकडे किंवा रिझर्व्ह बँकेच्या नोटा साठवणाऱ्या करन्सी चेस्टकडे पाठवण्याचा खटाटोप वाचतो. शंभर आणि त्यावरच्या नोटा काउंटरवरून पुन्हा देण्याआधी सॉर्टिंग मशीनमधून तपासून घ्याव्या लागतात, तो वेळ लहान नोटांना लागत नाही. मात्र फाटक्या-मळक्या नोटा गड्डीत जाऊ देऊ नका. पगार घेणाऱ्या कामगाराच्या हाती त्या पडल्या की दुसऱ्या दिवशी बदलून घ्यायला तुमच्याच खिडकीवर येतात आणि वाचवलेली मिनिटं परत जातात.

एक मर्यादा आकडे वर पाठवण्याआधी स्वतःच लिहून टाका, नाहीतर कोणीतरी चुकीचा अर्थ काढेल. हे ४५ भरणे लावलेल्या गड्ड्यांत आले तर महिन्याला सुमारे ८०० मिनिटं वाचतात, बाराच्या भावाने ९,६०० रुपये. पण पुढच्या महिन्याच्या खर्चपत्रकात ९,६०० रुपये कमी दिसणार नाहीत. कॅशियरचा पगार तोच, भाडं तेच. ती ८०० मिनिटं फक्त मोकळी झाली. मग तीच मिनिटं नव्या खात्यांच्या कामाला लावायची, रांगेच्या दिवशी दुसऱ्या खिडकीला मदतीला द्यायची, की दुपारच्या अर्ध्या दिवसासाठी माणूस दुसऱ्या शाखेकडे पाठवायचा, हा निर्णय घेतला तरच रुपयांत काही दिसेल. तसंच महिन्याची ६०० मोकळी मिनिटं म्हणजे रोजची पंचवीस नव्हेत. ती बहुतेक वीस तारखेनंतरच्या दुपारी असतात, आणि एक ते सात तारखेदरम्यान उलट मिनिटं अपुरी पडतात. म्हणून माणूस कमी करायचा निर्णय महिन्याच्या सरासरीवर कधी घेऊ नका, गर्दीच्या आठवड्याचा तक्ता वेगळा काढून बघा.

सुरुवात करायची तर मागच्या महिन्याच्या रोख भरण्याच्या स्लिपा काढून घ्या आणि प्रत्येकीवरच्या लहान नोटांची संख्या उतरवा. ज्यांच्यावर हा आकडा ५०० च्या वर आहे त्या खात्यांची यादी करा आणि शेजारी त्यांची सरासरी शिल्लक लिहा. बहुतेक शाखांत ही यादी एका पानात संपते. ते पान घेऊन कॅशियरसोबत बसा, प्रत्येक नावापुढे नोटा लावून येतात की सुट्या हे त्याच्याकडून विचारून लिहून घ्या, आणि मग खिडकीवर वेळ मोजायला घ्या. मोजलेली मिनिटं माझ्या दीड, पाऊण आणि तीनपेक्षा वेगळी आली तर तुमचीच वापरा.